पट्टी लावल्यावर तीन मीटर भरले पाहिजेत

"प्रिंट मापात नसेल तर त्याला नकाशा म्हणू नये," काका म्हणाले. "ते नकाशाचं चित्र झालं."

"आणि आकडा लिहिलेला असताना जो वर पट्टी लावतो, चूक त्याची," मॅडमनी लगेच उत्तर दिलं. "माझ्या प्रत्येक शीटवर टीप असते की नकाशा मोजू नये, लिहिलेलं माप धरावं. मग प्रिंट टक्का-दीड टक्का लहान आला तर बिघडलं काय?"

हा वाद बांधकामाच्या धंद्यात जुना आहे, आणि मला दोन्ही बाजूंचं बरंचसं पटतं. काकांचं पुण्यात प्लॉटिंगचं दुकान आहे. त्याआधी ते अमोनिया प्रिंट काढायचे. मॅडम आर्किटेक्ट. छोटं ऑफिस, हाताखाली तीन-चार मुलं. इतकी वर्षं त्यांच्या पीडीएफ फायली काकांकडे छापायला जात. आता त्यांनी स्वतःचा प्लॉटर घेतला. पहिला रोल चढवताना काकांना बोलावलं आणि आपलं गिऱ्हाईक जाणार हे ठाऊक असून काका आले. मी त्यांच्या इमारतीचं स्ट्रक्चरचं काम बघतो. कॉलमचे नकाशे त्याच प्लॉटरवर निघायचे होते, म्हणून मीही तिथे बसलो होतो.

मॅडमचा प्लॉटर छत्तीस इंची, म्हणजे ९१४ मिलिमीटर रुंदीचा रोल घेणारा. रोल साध्या बाँड कागदाचा, ८० जीएसएमचा. काकांनी प्लॉटरमधून स्पिंडल, म्हणजे रोल ज्यावर फिरतो तो दांडा, उचलून बाहेर काढला. त्याच्या एका टोकाचा स्टॉपर पक्का असतो, दुसऱ्या टोकाचा निघतो. निघणारा काढून त्यांनी रोल दांड्यावर सरकवला आणि पक्क्या स्टॉपरपर्यंत नेऊन तळहाताने दाबला.

"इथे वाकून बघा," ते मॅडमना म्हणाले. "कागदाची कड आणि स्टॉपर यांच्यामध्ये उजेड दिसतोय?"

"अगदी थोडा. दोन मिलिमीटर असेल."

"तो राहता कामा नये. प्लॉटर कागद ओढायला लागला की रोल तेवढा आडवा सरकतो. सुरुवातीला काही कळत नाही. शीट लांब असली की शेवटी कागद तिरका चाललेला दिसतो."

रोल पुन्हा ढकलला, फट मिटली, दुसरा स्टॉपर बसला. कागद रोलच्या वरून सुटून आला पाहिजे की खालून, हे यंत्रागणिक बदलतं. बहुतेक ठिकाणी त्याचं चित्र दांड्यावर किंवा झाकणाच्या आत छापलेलं असतं. ते न बघता रोल उलटा चढवला तर छपाई कागदाच्या चुकीच्या बाजूवर होते. साध्या बाँडवर ते फारसं जाणवत नाही, पण एकाच बाजूने लेप दिलेल्या कागदावर शाई पसरते.

मग काकांनी रोलचं सुटं टोक बघितलं. पॅकिंगची चिकटपट्टी काढताना कोपरा फाटला होता. त्यांनी कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन वीतभर कागद सरळ रेषेत कापून टाकला.

"प्लॉटर स्वतः कापतो की," मॅडम म्हणाल्या.

"कापतो, पण आत घेतल्यावर. आत घेताना तो हीच कड चाचपून कागद सरळ आहे का ते ठरवतो. आपण वाकडी कड दिली तर त्याचा अंदाज तिथूनच चुकतो."

दोन्ही हातांचे तळवे कागदावर सारख्या अंतरावर ठेवून त्यांनी कड फटीत सरकवली. रोलरने कागद पकडला, थोडा आत घेतला, मागे घेतला, पुन्हा आत घेतला आणि पॅनेलवर कागद तिरका असल्याची सूचना आली. मॅडमचं बोट 'पुढे चला'कडे गेलं. काकांनी ते थांबवलं. रोल बाहेर घेतला, कागद दांड्यावर उलट फिरवून घट्ट गुंडाळला, दोन्ही बाजूंच्या थरांच्या कडा एका पातळीत आहेत ना ते बोटाने पाहिलं आणि परत भरला. या वेळी सूचना आली नाही. प्लॉटरने कडेची पट्टी कापून खाली टाकली.

"दोन मिनिटं वाचवायला तिरका कागद चालवून घेतला तर पुढे किती शीट वाया जातील सांगता येत नाही," काका म्हणाले. "शिवाय तिरका कागद नुसता तिरका छापत नाही. छापताना तो बाजूला सरकत गेला तर चौकोनाचा काटकोन जातो."

पॅनेलवर कागदाचा प्रकार विचारला होता. यंत्र दाखवायला आलेल्या माणसाने तिथे जाड कोटेड कागद निवडलेला होता, तोच राहिला. त्या वेळी कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

पहिली शीट निघाली. तळमजल्याचा नकाशा, ए-१ आकार, प्रमाण १:१००. रेषा स्वच्छ, अक्षर ठसठशीत. मॅडम खूश होत्या. काकांनी पिशवीतून एक मीटरची स्टीलची पट्टी काढली.

"तुमची चौकट किती बाय किती काढलीय?"

"शीट ८४१ बाय ५९४. आतली चौकट ८०० बाय ५६०."

काकांनी नकाशातलं काहीच मोजलं नाही, फक्त चौकट मोजली. लांबी भरली सातशे साडेशहाऐंशी, म्हणजे ७८६.५. रुंदी ५४९ च्या आसपास. मला ही पद्धत आवडते. चौकट प्रत्येक शीटवर असते, तिचं खरं माप ऑफिसला पाठ असतं आणि ती शीटवरची सर्वांत लांब रेषा असते. खोलीची तीन सेंटिमीटरची रेषा मोजून पावणेदोन टक्क्यांची चूक डोळ्याला सापडत नाही. ऐंशी सेंटिमीटरवर ती तेरा-चौदा मिलिमीटर होऊन समोर येते.

"दोन्हीकडे जवळजवळ सारखं आखडलंय," काका म्हणाले. "शेकडा पावणेदोन. म्हणजे मुख्य दोष यंत्राचा नाही. वर कुठेतरी कोणीतरी लहान केलंय."

"बरं, झालंय लहान," मॅडम म्हणाल्या. "पण आता मला सांगा, यात कोणाचं नुकसान आहे? इमारतीची लांबी ४८.०० मीटर असं लिहिलंय. साइटवर ४८ मीटरच आखतील."

"साइटवर लिहिलेलं बघतील, मान्य. महापालिकेतला माणूस?"

इथे मीही हिशोब करून बघितला. १:१०० ला बाजूचं तीन मीटरचं सामासिक अंतर कागदावर ३० मिलिमीटर दिसायला हवं. या प्रिंटवर ते साडेएकोणतीस झालं होतं. छाननी करणाऱ्याने त्रिकोणी स्केलपट्टी लावली तर तो २.९५ वाचणार. आकडा ३.०० लिहिला आहे आणि रेषा २.९५ म्हणते आहे, तर त्याला संशय येणं स्वाभाविक आहे. ४८ मीटरची इमारत ४७.१९ वाचली जाते. क्षेत्रफळात चूक दोनदा गुणली जाते: ६० चौरस मीटरची सदनिका त्या कागदावर ५८ भरते. ठेकेदाराचा माणूस नकाशावर पट्टी फिरवून फरशीचा अंदाज काढत असेल तर तो तेवढी फरशी कमी मागवतो.

"त्याने फाइल मागावी. फाइलमधून क्षेत्रफळ काढावं," मॅडम म्हणाल्या.

"मागावी. पण तो मागत नाही हे तुम्हालाही माहीत आहे."

मॅडम त्यावर गप्प बसल्या नाहीत, आणि त्यांचं पुढचं म्हणणं वजनदार होतं. "काका, लोक पट्टी लावतात म्हणून प्रिंट मापात काढत राहिलो तर लोक पट्टी लावतच राहतील. नकाशात प्रत्येक भिंत हाताने काढलेली असते. कधी आकडा बदलतो आणि रेषा तशीच राहते, कधी उलट. मापात छापलेल्या नकाशावर लोकांचा जास्तच विश्वास बसतो. मी म्हणते, त्यांना त्या सवयीची शिक्षा मिळू दे."

"मिळेल, पण भुर्दंड तुमच्या मालकाला पडेल," काका म्हणाले.

माझं मत इथे काकांकडे झुकतं, पण कारण वेगळं आहे. निम्मा झालेला नकाशा कोणालाही कळतो. पट्टी लावली की खोली दीड मीटरची येते आणि माणूस थांबतो. पावणेदोन टक्क्यांनी लहान झालेला नकाशा कोणालाच कळत नाही. खोल्या खोल्यांसारख्या दिसतात, दारं दारांसारखी. म्हणून 'फारच थोडा फरक आहे' हा बचाव मला चालत नाही. थोडा असल्यानेच तो पुढच्या माणसापर्यंत पोचतो.

आता ते आखडलं कुठे, ते शोधायचं होतं. मॅडमच्या ऑफिसातला मुलगा पीडीएफ उघडून ॲडोबी रीडरमधून छापत होता. छपाईच्या खिडकीत `Fit` निवडलेलं होतं. प्लॉटरला कागद सांगितला होता ए-१, ५९४ बाय ८४१. प्लॉटरला प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर कड सोडावी लागते, म्हणजे छापायला उरतात ५८४ बाय ८३१. पीडीएफचं पान मात्र पूर्ण ५९४ रुंद. `Fit` काय करतं, तर पान त्या ५८४ मध्ये बसवतं. ५८४ भागिले ५९४ म्हणजे ०.९८३. काकांच्या पट्टीने दाखवलेला पावणेदोन टक्के तो हाच.

"पण माझी चौकट ५६० चीच आहे," मॅडम म्हणाल्या. "ती ५८४ मध्ये आरामात बसत होती!"

"बसत होतीच. प्रोग्राम चौकट बघत नाही, पान बघतो. तुमच्या पानाच्या कडेला सतरा मिलिमीटर कोरी जागा आहे. ती कोरी जागा कापली जाऊ नये म्हणून त्याने सगळी इमारत लहान केली."

मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. ज्या जागेत एकही रेषा नाही, ती वाचवण्यासाठी माप गेलं. `Fit` च्या जागी `Actual size` निवडलं की पान आहे तेवढंच राहतं, कडेचे पाच मिलिमीटर छापले जात नाहीत आणि तिथे छापण्यासारखं काही नव्हतंच. याच यादीत `Shrink oversized pages` नावाचा एक पर्याय असतो. तो पान कागदात मावत असेल तर काही करत नाही आणि मावत नसेल तर न विचारता लहान करतो. एक शीट मापात आणि पुढची बेमाप, असा घोळ बहुधा त्याच्यामुळे होतो. एचपीच्या प्लॉटरच्या ड्रायव्हरमध्ये `Clip contents by margins` असा एक पर्याय असतो. तिथे आपण यंत्राला सांगतो की कोरी कड कापली तरी चालेल, माप बदलू नको.

काकांनी मुलाला आणखी एक विचारलं. "पीडीएफ कशी काढलीस?"

त्याने ऑटोकॅडची खिडकी उघडली. तिथे `Plot scale` खाली `Fit to paper` ची खूण नव्हती, `1:1` होतं. बरोबर होतं. लेआउटमध्ये शीट खऱ्या आकाराची असते, म्हणून तिथून छापताना प्रमाण कायम १:१ असतं. १:१०० हे प्रमाण व्ह्यूपोर्टला द्यायचं, प्लॉटला नाही. नवीन मुलं हमखास इथे गोंधळतात आणि दोन्हीकडे १:१०० देऊन तांदळाच्या दाण्याएवढी इमारत छापतात. ती चूक निदान दिसते तरी.

कागदाची निवड मात्र बघण्यासारखी होती. पीडीएफसाठी ऑटोकॅडच्या यादीत ए-१ एकाहून अधिक नावांनी येतो. त्यांतली दोन: `ISO A1 (841.00 x 594.00 MM)` आणि `ISO full bleed A1 (841.00 x 594.00 MM)`. पहिल्यात कड भरपूर सोडलेली असते, त्यामुळे चौकट कापली जाऊ शकते. मग मुलं वैतागून `Fit to paper` ला खूण करतात आणि माप तिथेच जातं. दुसरा घेतला तर पूर्ण पान वापरता येतं. मुलाने दुसराच घेतला होता.

"आणि व्ह्यूपोर्ट?" मी विचारलं, कारण माझ्या नकाशांत खरी अडचण तिथे येते.

मॅडमचं ऑफिस मिलिमीटरमध्ये काढतं. मोजणीवाल्याकडून जागेचा नकाशा येतो तो मीटरमध्ये. दोन्हींना १:१०० हवं असेल तरी आत लिहायचा आकडा वेगळा असतो. व्ह्यूपोर्टच्या आत जाऊन `ZOOM` दिल्यावर मिलिमीटरच्या नकाशाला हे लिहायचं:

```
1/100XP
```

मीटरच्या नकाशात एक एकक म्हणजे एक मीटर, आणि तो कागदावर १० मिलिमीटर दिसायला हवा, म्हणून:

```
10XP
```

तिथे `1/100XP` दिलं तर जागेचा नकाशा टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि मुलाला वाटतं फाइल रिकामी आली. त्याहून वाईट म्हणजे प्रमाण बरोबर दिल्यावर व्ह्यूपोर्टला कुलूप न लावणं. `Display Locked` ला `Yes` केलं नाही तर नंतर कोणीतरी आत शिरून माऊसचं चाक किंचित फिरवतं. १:१०० चं १:१०३ होतं, शीर्षकात मात्र १:१०० च लिहिलेलं राहतं. दिसायला नकाशा तसाच. ही चूक कितीही चांगला प्लॉटर घेतला तरी सुधारत नाही, आणि चौकट मोजूनही सापडत नाही, कारण चौकट व्ह्यूपोर्टच्या बाहेर असते. म्हणून चौकटीनंतर नकाशातलं एक लांब लिहिलेलं मापही मोजावं. मॅडमच्या शीटवर ४८ मीटरची रेषा होती. ती ४८० मिलिमीटर भरायला हवी.

`Actual size` देऊन दुसरी शीट काढली. काकांनी पट्टी लावली. ८०० ची बाजू बरोबर ८०० भरली. ५६० ची बाजू भरली ५५८.५.

"आता हे यंत्राचं," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. इतका वेळ ते समजावत होते, आता ते शोधत होते.

छत्तीस इंची रोलवर ए-१ शीट आडवी बसते. ८४१ ची बाजू रोलच्या रुंदीत येते आणि ५९४ ची बाजू कागद पुढे सरकेल तशी छापली जाते. रुंदीत माप कोण ठरवतं? शाईचं हेड ज्या पट्टीवरून आपली जागा वाचत जातं ती बारीक रेषांची पट्टी. ती सहसा चुकत नाही. लांबीत माप ठरवतो रोलर. तो दर फेरीला कागद ठरावीक पुढे सरकवतो. कागद जाड की पातळ, गुळगुळीत की खरखरीत, यावर तो किती सरकतो ते किंचित बदलतं. प्लॉटर त्याची भरपाई करतो, पण कोणती भरपाई करायची हे तो पॅनेलवर निवडलेल्या कागदावरून ठरवतो. पॅनेलवर जाड कोटेड होता, आत ८० जीएसएमचा बाँड.

काकांनी कागदाचा प्रकार बदलला आणि पॅनेलवरून कागद पुढे सरकण्याचं कॅलिब्रेशन चालवलं. प्लॉटर एक ठिपक्यांची पट्टी छापतो, ती स्वतःच वाचतो आणि भरपाईचा आकडा ठरवतो. काही यंत्रांत ती पट्टी आपल्याला मोजून आकडा भरावा लागतो. त्यानंतरच्या शीटवर दुसरी बाजू ५६० भरली. मग काकांनी दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही नऊशे साडेशहात्तर मिलिमीटर. गवंडी पायाची आखणी करून झाल्यावर दोरीने कर्ण जुळवतो, तेच हे काम. कर्ण सारखे आले म्हणजे कागद बाजूला न सरकता सरळ चालला.

"म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी तूट असेल तर सेटिंग बघायचं," मॅडमनी मुलाला सांगितलं, "आणि फक्त सरकण्याच्या दिशेने असेल तर रोल आणि कागदाचा प्रकार."

"आणि फक्त रुंदीत जराशी वाढ दिसली तर?" काकांनी विचारलं.

कोणाला उत्तर सुचलं नाही.

"पावसाळा," काका म्हणाले.

कागदाचे धागे रोल बनताना त्याच्या लांबीच्या दिशेने पडतात. दमट हवेत धागा लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो; म्हणून कागद रोलच्या रुंदीच्या दिशेने जास्त वाढतो. आषाढात उघडा ठेवलेला रोल आणि एसी ऑफिसात सुकलेला रोल यांवर तीच फाइल छापली तर रुंदीत फरक पडतो. प्लॉटरचा यात काही दोष नाही, छापून झाल्यावरही कागद हवेप्रमाणे बदलत राहतो. काकांच्या दुकानात म्हणून रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत उभे असतात आणि पावसाळ्यात रोल चढवून लगेच छापत नाहीत, खोलीच्या हवेत थोडा वेळ राहू देतात.

मॅडमनी इथे आपला मुद्दा पुन्हा पकडला. "म्हणजे तुम्हीच सांगताय की कागद मापात राहत नाही. मग मापात छापण्याचा एवढा आटापिटा कशाला?"

"आटापिटा किती, ते ठरवता यावं म्हणून," मी मध्ये बोललो. एचपीच्या डिझाइनजेट मालिकेतल्या बऱ्याच प्लॉटरच्या माहितीपत्रकात रेषेची अचूकता ०.१ टक्का किंवा ०.२ मिलिमीटर, यांतलं जे जास्त असेल ते, अशी दिलेली असते. तीही साध्या कागदावर नाही. २३ अंश तापमान, ठरावीक आर्द्रता आणि ए-० आकाराची मॅट फिल्म यांवर मोजलेली. फिल्म प्लॅस्टिकची, दमटपणाने ती कागदाइतकी हलत नाही. त्या हिशोबाने ८०० मिलिमीटरवर ०.८ चा फरक यंत्राच्या कबुलीतलाच आहे. साध्या बाँडवर त्याहून थोडा जास्त धरावा. काका ८०० वर दीड मिलिमीटरपर्यंत सोडून देतात. १:१०० ला तो दीड मिलिमीटर संपूर्ण लांबीत पंधरा सेंटिमीटर होतो, तीन मीटरच्या अंतरात मात्र अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, जो पट्टीवर वाचताच येत नाही. `Fit` ने मात्र साडेतेरा मिलिमीटर खाल्ले होते.

"आणि काका, आता माझंही एक ऐका," मॅडम म्हणाल्या. "माझ्या साइटवर ए-१ शीट पोचते किती जणांपर्यंत? सुपरवायझरकडे ए-३ ची कॉपी असते, बाकीचे मोबाइलवर पीडीएफ मोठी करून बघतात. तिथे १:१०० असं लिहिलेलं असणंच खोटं आहे. ए-१ चं ए-३ केलं तर निदान बरोबर निम्मं होतं, १:२०० धरून वाचता येतं. ए-२ केलं तर १:१४१ होतं, ते कोणत्याच पट्टीवर नाही. तुम्ही प्लॉटर कितीही मापात आणा, त्या कॉपीचं काय?"

काकांनी यावर वाद घातला नाही. अमोनिया प्रिंटच्या काळात ट्रेसिंग आणि कागद एकमेकांना चिकटून दिव्यासमोरून जायचे, प्रिंट ट्रेसिंगएवढाच यायचा. लहान करायचा म्हटला तरी त्या यंत्रात ते जमत नसे. त्यामुळे कागदावर लिहिलेलं प्रमाण खरंच असायचं. आता ते गृहीत धरता येत नाही, हे त्यांना मान्य होतं.

उपाय मॅडमकडेच होता आणि तो त्या वापरत नव्हत्या: आलेखी प्रमाणपट्टी. शीर्षकाच्या चौकोनात 'प्रमाण १:१००' या शब्दांशेजारी शून्य ते दहा मीटरची काळी-पांढरी पट्टी काढायची. शीट ए-३ वर जावो की मोबाइलवर, पट्टी नकाशाबरोबरच लहान-मोठी होते. मी एक पट्टी आडवी आणि एक उभी काढायला सांगितली, कारण प्लॉटर दोन दिशांना वेगळा चुकू शकतो आणि झेरॉक्स मशीनही. आणि प्रमाणाच्या आकड्यापुढे 'ए-१ आकारात' एवढं जोडलं. तेवढं जोडलं की ए-३ ची कॉपी वाचणारा १:१०० ची पट्टी लावत नाही.

"टीप मात्र मी काढणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"काढू नका. पण टीप आहे म्हणून चौकट मोजायची सोडू नका."

एका बाबतीत दोघांचं जमलंच नाही. मॅडमच्या त्याच कामात प्रवेशद्वाराला कमान होती आणि सुताराला तिचा फर्मा हवा होता, म्हणजे १:१ प्रमाणात, प्रत्यक्ष आकाराचा नकाशा, प्लायवर चिकटवून कापायला. कमान २.४ मीटर रुंद. मॅडमचं म्हणणं, फर्मा छापूच नये. मधल्या रेषेपासून दर दहा सेंटिमीटरला उंची किती ते आकडे द्यावेत, सुतार बिंदू मारून वक्र काढेल. काकांचं म्हणणं, सुतार बिंदू मारत बसत नाही, तो नजरेने गोल काढेल आणि आकडे कागदावर राहतील.

इथे मी मॅडमच्या बाजूने आहे, कारण १:१ ला चूक लपायला जागा नसते. २.४ मीटर कागद रोलमधून लांबीत सरकणार, आणि ०.१ टक्क्यानेही २.४ मिलिमीटर जातात, तेही फिल्मवर. दमट दिवशी बाँडवर काय होईल याची हमी कोणी देऊ नये. पण सुताराला फर्मा लागतो, हेही काकांनी उगाच सांगितलेलं नाही. शेवटी फर्मा फिल्मवर छापायचा ठरला आणि वक्राच्या कडेने मॅडमचे आकडे लिहायचे ठरले. त्याखेरीज काकांनी दोन फुल्या टाकून घेतल्या, एकमेकींपासून बरोबर २००० मिलिमीटर अंतरावर, कागद सरकण्याच्या दिशेने.

"सुताराला सांगा, चिकटवायच्या आधी या दोन फुल्या टेपने मोज. स्टीलच्या टेपने, कापडी नको," काका मॅडमना म्हणाले. "एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर कापू नकोस, आधी फोन कर. आणि मोजायचं ते ज्या दिवशी कापणार त्याच दिवशी, छापून आणलं त्या दिवशी नाही."